चौथी नळी

माझी मावशी एकतीस वर्षं दुर्बिणी धूत होती. घरी कोणी आलं की आई कौतुकानं सांगायची, "ही मोठ्या हॉस्पिटलात इन्चार्ज सिस्टर आहे," आणि मावशी लगेच पुढे जोडायची, "दुर्बिणी धुते." पाहुण्यांना वाटायचं बाई गंमत करतायत. तिनं आयुष्यात गमती फार कमी केल्या, आणि ज्या केल्या त्या कोणाला कळल्या नाहीत.

मी नर्सिंग करून तिच्याच विभागात लागले तेव्हा सगळे म्हणाले, वशिला. कसला वशिला! मुलाखतीत तिनं मलाच सगळ्यांत वाकडे प्रश्न विचारले, आणि रुजू झाल्यावर पहिल्याच सकाळी दारात अडवून सांगितलं, "इथं मावशी म्हणायचं नाही. हॉस्पिटलात मावशी म्हटलं की चार आया मागं वळून बघतात. इथं मी सिस्टर." त्यामुळे आठ ते चार ती सिस्टर आणि बसस्टॉपवर पोचलं की मावशी. बसस्टॉपवरही ती बोलायची दुर्बिणींबद्दलच, हा भाग वेगळा.

दुर्बीण हा पेशंटचा शब्द. आम्ही स्कोप म्हणतो. बोटाएवढी जाड, माणसाच्या उंचीची काळी नळी. एका टोकाला कॅमेरा आणि दिवा, दुसऱ्या टोकाला डॉक्टरांच्या हातात धरायची मूठ. वरून बघितली तर एकच नळी दिसते. आत मात्र आणखी नळ्या असतात. एकीतून आतलं पाणी, घाण ओढून घ्यायची आणि चिमटा घालायचा, एकीतून हवा सोडायची, एकीतून कॅमेऱ्याची काच धुवायला पाणी. बाहेरचं काळं कातडं पुसणं कोणालाही जमतं. एका माणसाचं दुखणं दुसऱ्याला लागतं ते या आतल्या नळ्यांमधून, आणि तिथं डोळा पोचत नाही.

म्हणून मावशीचा सगळा जीव त्या न दिसणाऱ्या जागेत अडकलेला. तपासणी संपून स्कोप पेशंटच्या अंगातून बाहेर आला की तिथंच, पलंगाशेजारी, पुसायचा आणि साबणाचं पाणी त्यातून ओढायचं. वाळू द्यायचा नाही. "जेवलेलं ताट आणि वापरलेला स्कोप, दोन्ही वाळले की मेलो," असं ती म्हणायची. मग झाकणाच्या डब्यातून धुण्याच्या खोलीत. त्या खोलीला दोन दारं होती, एकातून मळकं आत यायचं आणि दुसऱ्यातून स्वच्छ बाहेर जायचं. उलट्या दिशेनं कोणी एक पाऊल टाकलं तर मावशी अशी बघायची की सर्जनसुद्धा माफी मागून मागं फिरायचे. पहिल्यांदा स्कोपमध्ये हवा भरून पाण्यात बुडवायचा, कुठं बुडबुडा येतो का बघायचं, कारण कातड्याला भोक असेल तर पाणी आत शिरतं आणि मग स्कोपच्या आतच कायमची घाणीची खोली होते. नंतर झडपा, बटणं सगळी सुटी करायची. लांब ब्रश एका टोकातून घालायचा, दुसऱ्या टोकातून बाहेर आला की त्याचे केस धुवायचे, मगच मागं ओढायचा. पुन्हा घालायचा. ब्रश स्वच्छ बाहेर येईपर्यंत. बारीक नळ्यांत ब्रश जात नाही, त्यांत पिचकारीनं साबण आणि पाणी. हे सगळं झाल्यावर मशीन, आणि मशीनमध्ये जंतू मारणारं औषध. औषधाचा जोर टिकून आहे की नाही ते रोज कागदाची पट्टी बुडवून बघायचं. शेवटी निर्जंतुक पाणी, मग स्पिरिट, मग हवा, आणि कपाटात सरळ उभा टांगायचा.

नवीन मुली विचारायच्या, मशीन आहे ना, मग हातानं एवढं कशाला? मावशीचं उत्तर ठरलेलं होतं. "मशीन जंतू मारतं, घाण काढत नाही. घाणीच्या आड बसलेल्या जंतूला औषध शिवतच नाही. आणि मशीनला तू जे जोडशील तेवढंच ते धुतं. त्याला अक्कल नाही. ती तुझी."

हे मी शंभर वेळा ऐकलं होतं. शंभर वेळा मान डोलावली होती.

मावशीची एक सवय मला तेव्हा समजत नसे. बाहेर पेशंट बसायचे तिथून जाताना ती मधेच थबकायची. समोरच्या बाकावर कोणीतरी पाठमोरा माणूस असायचा, उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मावशीचा हात भिंतीला टेकायचा. माणूस वळला की ती सावरायची आणि चालायला लागायची.

"कोणी ओळखीचं होतं का?" मी विचारायचे.

"नाही. वाटलं."

महिन्यातून दोन-तीनदा तिला असं वाटायचं. मी म्हणायचे, वय झालं. आईला तर मी हसत सांगितलंही होतं की तुझ्या बहिणीला भुतं दिसतात. आई हसली नाही, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

मी चार वर्षं काम केल्यावर मावशीच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि मावशीनं तीन आठवड्यांची रजा घेतली. एकतीस वर्षांतली तिची सगळ्यांत मोठी रजा. नेमका त्याच वेळी नवा स्कोप आला, मोठ्या आतड्याचा. जुना दुरुस्तीच्या पलीकडे गेला होता. कंपनीचा माणूस आला, वीस मिनिटांत सगळं दाखवून, माझी सही घेऊन, चहा पिऊन गेला. नव्या स्कोपचं चित्र इतकं स्वच्छ यायचं की आमचे सर, म्हणजे विभागाचे मोठे डॉक्टर, लहान मुलासारखे खूश झाले. इतर स्कोप बाजूला ठेवून सगळ्या तपासण्या त्याच्यानंच करायला लागले. नव्याचे नऊ दिवस.

या नव्या स्कोपला एक नळी जास्त होती. चौथी. जोराची पाण्याची धार सोडून समोरची घाण उडवायला. मुठीजवळ तिचं छोटं तोंड होतं आणि त्यावर टोपी. सरांना ती सोय नवीन होती, त्यांनी ती वापरलीच नाही. टोपी उघडलीच गेली नाही. ती नळी धुण्याच्या मशीनला जोडायला एक वेगळी बारीक ट्यूब खोक्यात आली होती, लहानशा पिशवीत. भिंतीवर मशीनचा जो तक्ता लावला होता त्यात जुन्या स्कोपची चित्रं होती, आणि त्यात तीनच जोडण्या. मी ती पिशवी उघडली, बघितली, आणि सुट्या भागांच्या खणात टाकून दिली. मला आठवतं मी काय विचार केला ते. मी विचार केला, जी नळी वापरलीच नाही ती धुवायची कशाला?

एवढाच विचार. आळस नव्हता, घाई नव्हती. बाकी तिन्ही नळ्या मी मावशीपेक्षा एकदा जास्तच धुतल्या असतील. मशीननं दर वेळी चिठ्ठी छापली, "पूर्ण". मीही वहीत लिहिलं, पूर्ण.

मावशी सोमवारी परत आली. नातवाचे फोटो दाखवायच्या आधी तिनं नव्या स्कोपची माहितीपुस्तिका उघडली आणि बाकावर बसून पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मी म्हटलं, "अहो सिस्टर, मला विचारा ना, मला सगळं येतं." ती वाचत राहिली. पलीकडच्या खोलीत दिवसाचा पहिला पेशंट डाव्या कुशीवर झोपवला होता, सर हातमोजे घालत होते.

ती उठली. कपाटातून स्कोप काढला. चौथ्या नळीवरची टोपी काढून तिनं पिचकारीत निर्जंतुक पाणी भरलं आणि मला म्हणाली, "टोकाखाली गॉज धर."

मी पांढरा गॉज धरला. तिनं पिचकारी दाबली. आधी हवेचा एक फुसका आवाज आला, मग पाणी आलं. आणि गॉजवर एक पिवळसर, तपकिरी डाग पडला. चिंचोक्याएवढा. त्यात एक बारीक कण होता.

वापरली नव्हती ती नळी. पण तिचं दुसरं तोंड कॅमेऱ्याशेजारीच उघडं असतं, आणि ते तोंड प्रत्येक पेशंटच्या आतड्यात जाऊन आलं होतं. बाहेरून कोणी काही आत सोडलं नाही म्हणून आतून काही वर चढलं नाही, असं थोडंच असतं? हे मला त्या क्षणी कळलं. इतकं सोपं होतं की एखाद्या शाळकरी पोरालाही कळलं असतं.

मावशीनं मला काहीही विचारलं नाही. ती खणाकडे गेली, पिशवी काढली, पालथी करून बघितली. ती ट्यूब कोरी होती, तिला अजून पाण्याचा थेंब लागलेला नव्हता. मग तिनं स्कोपला लाल फीत बांधली आणि दोन दारांच्या त्या खोलीतून ती तडक सरांपुढे जाऊन उभी राहिली.

"हा स्कोप आज बंद. दुसरा घ्या."

"का? काय झालं?"

तिनं सांगितलं. सरांनी हातमोजे काढले. माणूस वाईट नव्हता. पण घाबरलेला माणूस जे बोलतो तेच तेही बोलले. "सिस्टर, आता नीट धुऊन घ्या. पुढं व्यवस्थित करू. धोका किती असतो हो यात? नगण्य. उगाच गवगवा कशाला?"

"धुतल्यावर पुढचे सुटतील," मावशी म्हणाली. "मागच्यांचं काय?"

वहीत प्रत्येक तपासणीपुढे स्कोपचा नंबर लिहायचा हा मावशीचाच नियम. त्यामुळे शोधायला पाच मिनिटं लागली. बारा दिवसांत तेवीस पेशंट. पहिल्याला कोणाचं काही लागायची भीती नव्हती, त्याच्या आधी त्या स्कोपला कोणी नव्हतं. उरले बावीस. मावशीनं फायली मागवल्या आणि एकेक उघडत गेली. सातव्या फाइलपाशी तिचं बोट थांबलं. सातव्या पेशंटला जुनी कावीळ होती, बी जातीची, रक्तातून पसरणारी. फाइलवर ठळक लिहिलेलं होतं.

"आठवा कोण?" सरांनी विचारलं. त्यांचा आवाज आता वेगळा होता.

आठवा नव्हे, आठवी. पन्नाशीची बाई, शिवणकाम करणारी. त्याच दिवशी, सातव्यानंतर तासाभरानं. मला ती चांगली आठवत होती. झोपेचं इंजेक्शन द्यायच्या आधी ती माझ्या गणवेशाच्या बाहीची शिलाई बघून म्हणाली होती, "उसवेल हं ही, घाईत शिवलीय." सरांनी तिच्या आतड्यातल्या गाठीचा छोटा तुकडा काढला तेव्हा चिमटा मीच धरला होता. म्हणजे जखमही झाली होती, आतल्या आत, त्या नळीच्या तोंडासमोर.

दुपारी मावशीनं घटनेचा अर्ज भरला. "चूक कोणाकडून" या ओळीत तिनं माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, आडनावासकट. त्याच्या खाली लिहिलं, "रजेवर जाताना नव्या उपकरणाबद्दल लेखी सूचना ठेवल्या नाहीत," आणि तिथं स्वतःचं. दोन्ही खरं होतं. पण माझं वर होतं.

मी पेटलेच. त्या दिवशी बसस्टॉपवर तिच्याशी एक शब्द बोलले नाही. घरी आईनं फोन लावला आणि सख्ख्या बहिणीला जे ऐकवायचं ते सगळं ऐकवलं. पोटची नसली म्हणून काय झालं, पोरगी आपलीच ना, थोडं मोघम लिहिलं असतं तर हात झडले असते का? मावशीनं पलीकडून काय म्हटलं मला ऐकू आलं नाही. आईनं फोन ठेवला आणि म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही हिचा."

चार दिवस आमचा अबोला चालला. एकाच खोलीत, एकाच सिंकवर, कोपराला कोपर लावून. पाचव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बाकीच्या जेवायला गेल्या होत्या आणि मी औषधाची पट्टी बुडवून रंग बदलायची वाट बघत होते. मावशी पाठमोरी उभी राहून ब्रश धूत होती. तशीच, न वळता बोलायला लागली.

"मशीन यायच्या आधी इथं टब होता. झाकणाचा. त्यात औषध, आणि स्कोप त्यात वीस मिनिटं ठेवायचा. घड्याळ समोरच होतं. एके दिवशी खूप पेशंट होते आणि आमच्याकडं दोनच स्कोप. तेव्हाचे मोठे सर्जन दारात येऊन ओरडले, किती वेळ? मी घड्याळ बघितलं. आठ मिनिटं झाली होती. मी काढून दिला."

पट्टीचा रंग बदलला होता. मी नोंद करायची विसरले.

"त्या स्कोपचा पुढचा पेशंट एक मास्तर होता. उंच, खिशाला दोन पेनं, एक निळं एक लाल. मला म्हणाला, बाई, पोरांची परीक्षा आहे, लवकर सोडा. लवकरच सोडला. चार महिन्यांनी तो परत आला, त्याच बाकावर बसला. डोळे हळदीसारखे पिवळे. मी त्याच्यासमोरून तीनदा गेले. तो मला नमस्कार करायचा, मीही करायचे."

"त्याला त्या स्कोपमुळंच झालं कशावरून?" मी विचारलं. "दाढीच्या वस्तऱ्यानं झालं असेल. इंजेक्शननं झालं असेल. काहीनंही झालं असेल."

"असेल ना. तेच मी बावीस वर्षं म्हणतेय." तिनं ब्रश टांगला. "त्याच्या आधीचा पेशंट कोण होता हेसुद्धा मला माहीत नाही. तेव्हा वहीत स्कोपचा नंबर लिहीत नव्हतो. शोधायला गेले तर काहीच नाही. मी सांगितलं असतं तर त्याचं रक्त वेळेवर तपासलं असतं. मी सांगितलं नाही. कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. तो नंतर यायचा बंद झाला. आता तो कुठंही बसलेला असतो."

मी आईला हसत सांगितलं होतं ते आठवून मला स्वतःची शिसारी आली.

"तुझं नाव मी खोडलं असतं तर," मावशी म्हणाली, "तुला वाटलं असतं की झालंच नाही. मला तसं वाटून घ्यायची फार सवय होती. ती वाईट सवय आहे."

त्या दुपारी आम्ही फोन करायला बसलो. हॉस्पिटलच्या समितीनं ठरवलं होतं की सगळ्या बावीस जणांना सांगायचं, रक्त आता तपासायचं, मग दीड महिन्यानं, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी, आणि ज्यांना लस नाही त्यांना लगेच सुरू करायची. फोन मी करायचे, मावशी शेजारी बसायची. तिची एकच अट होती. पहिलं वाक्य "काळजीचं कारण नाही" असं असता कामा नये. "काळजीचं कारण नसतं तर तू फोन केला असतास का? आधी काय झालं ते सांग. मग काय होऊ शकतं. मग काय करायचं. आणि चूक कोणाची असं विचारलं तर माझी म्हण. 'आमची' म्हणू नकोस. 'आमची' म्हटलं की ती कोणाचीच राहत नाही."

एक गृहस्थ फक्त "बरं" म्हणाले आणि वेळेवर चारही वेळा आले. एकानं शिव्या घातल्या, आणि अगदी मुद्देसूद घातल्या. एका म्हाताऱ्या बाईंनी उलट मलाच धीर दिला, "पोरी, रडू नकोस, मी ब्याऐंशीची आहे, मला आता कशानं काय होणार?" आठव्या नंबरला मी सगळ्यांत शेवटी लावला. चोराच्या मनात चांदणं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मागं शिलाई मशीनचा आवाज चालू होता, तो थांबला. "म्हणजे दुसऱ्याचं माझ्या पोटात?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "बहुधा नाही. पण असू शकतं. चूक माझी आहे." ती म्हणाली, "उद्या येते."

पहिलं रक्त स्वच्छ. पण त्याला अर्थ नव्हता, इतक्या लवकर काही दिसतच नाही. त्यानं एवढंच कळलं की आधीपासून तिला काही नव्हतं. म्हणजे पुढं काही निघालं तर ते आमच्याकडून गेलेलं. दीड महिन्यानं स्वच्छ. तीन महिन्यांनी स्वच्छ. मी दर वेळी रिपोर्ट येईपर्यंत जेवत नसे. मला नखं खायची सवय लागली, नर्सला न शोभणारी. सहा महिन्यांची तारीख आली तेव्हा एकवीस जणांचं शेवटचं रक्त आलं. सगळे सुटले. आठवी आली नाही.

मी फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. सर म्हणाले, "तीन महिन्यांचं चांगलं आहे, लस घेतेय, जवळजवळ नक्कीच काही नाही. 'आली नाही' असं लिहून फाइल बंद करा." मावशीच्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. ती म्हणाली, "चल, घरी जाऊ तिच्या." शनिवारी दुपारी गेलो. जिना अरुंद होता आणि मावशीचे गुडघे दुखत होते, म्हणून ती खाली दुकानापुढच्या बाकावर बसली. मी एकटी वर गेले.

बाई मशीनवरच बसली होती, मानेभोवती टेप. मला बघून हसली. बस म्हणाली. आत सून होती, तिच्या कडेवर वर्षाचं मूल. मी येण्याचं कारण सांगितलं. शेवटची एकच तपासणी, लसीचा शेवटचा डोस, आणि मग सुटलात.

"मी नाही येणार," ती म्हणाली.

"अहो, पण का?"

तिनं मशीनशेजारच्या फळीकडं बोट केलं. तिथं एक कप होता, एक ताटली, एक पेला. "तुमचा फोन आला त्या दिवशी मी घरात सांगितलं. लपवायचं कशाला म्हटलं. संध्याकाळपासून माझा कप वेगळा. नातू माझ्याकडं येत नाही, म्हणजे येऊ देत नाहीत. रिपोर्ट चांगला आला, सांगितलं. दुसरा, तिसराही चांगला आला, सांगितलं. कप तिथंच आहे."

"कपानं नाही पसरत हे!" मी जवळजवळ ओरडलेच. "जेवणानं नाही, हात लावल्यानं नाही. मी सांगते त्यांना."

मी आत जाऊन सुनेला सांगितलं. सगळं, सोपं करून. तिनं मान हलवली, हो हो म्हणाली, आणि मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या. मी बाहेर आले.

"बघितलंत?" बाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "प्रत्येक तपासणीला हे सगळे दारात उभे राहून वाट बघतात. मी एकदाची बंद केली तर विसरतील कदाचित. आणि मला सांगा, चौथा रिपोर्ट मी कोणासाठी द्यायचा? माझ्यासाठी की तुमच्यासाठी?"

मला खोटं बोलता येत होतं. तुमच्यासाठीच, असं म्हणायचं होतं, तसं पाठही करून आले होते.

"दोघींसाठी," मी म्हटलं.

"तुमच्या त्या दुर्बिणीनं मला काही केलं की नाही देव जाणे. तुमच्या फोननं मात्र केलं." तिनं सुईखाली कापड सरकवलं. "तुम्ही सांगितलंत ते बरोबरच केलंत हं. मी तसं म्हणत नाहीये. पण आता तुम्हाला झोप लागावी म्हणून मी हात पुढं करायचा, हे मला जमायचं नाही."

मशीन सुरू झालं. मी उठले. लस तरी घ्या, एवढंच म्हणाले. तिनं मान डोलावली, ज्या मान डोलावण्याला काही अर्थ नसतो तशी.

खाली मावशी उठून उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं, कप, कडेवरचं मूल, शेवटचं वाक्य. मला वाटलं ती म्हणेल, आपण आपलं काम केलं. सगळे तेच म्हणतात.

"मग आता ती तुझ्याकडं राहायला येईल, माझ्याकडं मास्तर आला तशी," मावशी म्हणाली. माझा हात तिनं घट्ट धरला होता. "लढू नकोस तिच्याशी. जागा दे."

आम्ही बसस्टॉपकडं चालायला लागलो. समोरून गर्दी येत होती, आणि मी प्रत्येक बाईच्या मानेकडं बघत होते, टेप आहे का.